शिस्तसत्ता आणि लोकसंख्येवरील पाळत

शिस्तसत्ता ही संकल्पना फ्रेंच विचारवंत मिशेल फुको (१९२६–१९८४) यांनी १९७५ साली तुरुंगाच्या इतिहासावरील ग्रंथात मांडली. माणसाला केवळ मारून किंवा घाबरवून नव्हे, तर त्याला एका ठरावीक जागी ठेवून, सतत पाहून आणि त्याची नोंद करून ताब्यात ठेवणारी सत्ता, असा तिचा अर्थ आहे. ती समजून घ्यायला तुरुंगापेक्षा फुको यांनीच दिलेले प्लेगच्या गावाचे उदाहरण अधिक सोपे आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरच्या एका फ्रेंच फर्मानानुसार, प्लेग आला की गावाची नाकेबंदी होई. गावाचे विभाग पडत आणि प्रत्येक रस्त्यावर एक अधिकारी नेमला जाई. तो घरांना बाहेरून कुलूप लावी आणि किल्ल्या वरिष्ठांकडे सोपवी. परवानगीशिवाय बाहेर पडणाऱ्याला मृत्युदंड होता. सुरुवातीलाच घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, लिंग लिहून घेतलेले असे. रोज तो अधिकारी दारासमोर थांबून एकेकाचे नाव पुकारी आणि त्या व्यक्तीला खिडकीत येऊन उभे राहावे लागे. जो दिसला नाही तो आजारी किंवा मेलेला, असे ताडता येई. दिसलेले सारे कागदावर उतरून वरच्या अधिकाऱ्यांकडे जाई.

इथे धाकाइतकेच काम नोंदवही करते, हे लक्षात घ्यायला हवे. गर्दीतून एकेक माणूस वेगळा काढला जातो आणि त्याची माहिती साठत जाते.

इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांच्या १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅनॉप्टिकॉन’ या आराखड्यात हीच पद्धत नेहमीसाठी इमारतीत बसवलेली दिसते. वर्तुळाकार कोठड्या आणि मधोमध मनोरा. पहारेकरी कैद्यांना पाहू शकतो, पण कैद्यांना तो दिसत नाही. या क्षणी कोणी बघत आहे की नाही हे कळत नसल्याने कैदी स्वतःच स्वतःवर नजर ठेवू लागतो. फुको यांच्या मते शाळा, बराक, कारखाना आणि रुग्णालय यांतही हीच रीत पसरली. हजेरीपट, वेळापत्रक आणि परीक्षा ही तिची साधने.

लोकसंख्येवरील पाळत मात्र थोडी वेगळी आहे, आणि नवखे वाचक इथेच गोंधळतात. १९७७–७८ च्या व्याख्यानांत फुको यांनी देवीच्या रोगाचे उदाहरण घेतले. तिथे राज्य प्रत्येकाला घरात कोंडत नाही. कोणत्या वयात किती मरतात, टोचल्यावर धोका किती घटतो, हे आकडे पाहून ते उपाय ठरवते. प्लेगच्या गावात प्रत्येक माणूस मोजला जाई. इथे सरासरी सांभाळली जाते. प्रत्यक्षात दोन्ही रीती एकत्र चालतात: जनगणनेतून दर काढला जातो, आणि ओळखपत्रामुळे तीच व्यक्ती पुन्हा सापडते.

या विश्लेषणाला मर्यादाही आहेत. बेंथम यांचा तुरुंग त्यांच्या हयातीत त्यांच्या आराखड्याप्रमाणे उभा राहिला नाही. प्लेगचे फर्मानही गावाने कसे वागावे ते सांगते. गाव खरोखर तसे वागले का, ते सांगत नाही. १९९० साली फ्रेंच तत्त्वज्ञ जील दलझ यांनी वेगळा आक्षेप मांडला: आता भिंतींच्या आत कोंडण्याऐवजी संकेतांक देऊन किंवा नाकारून माणसाची वाट मोकळी किंवा बंद केली जाते.