स्मार्ट स्पीकरची वाय-फाय जोडणी व बँडची निवड

स्मार्ट स्पीकरला सहसा पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. त्यामुळे घरातील वाय-फायचे नाव व पासवर्ड त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम फोनवरील ॲप करते. नवा स्पीकर विजेला जोडला की तो जोडणीच्या अवस्थेत जातो आणि ब्ल्यूटूथवरून किंवा स्वतःच्या तात्पुरत्या वाय-फायवरून फोनला आपले अस्तित्व कळवितो. ॲप त्याच वाटेने राउटरचे नाव व पासवर्ड त्याच्याकडे सोपविते. मग स्पीकर तात्पुरते वाय-फाय बंद करून राउटरला जोडला जातो आणि शेवटी इंटरनेटवरून मालकाच्या खात्यात नोंदविला जातो.

स्पीकर ॲपमध्ये दिसतच नसेल, तर बहुतेक वेळा दोष फोनच्या परवानग्यांत असतो. अँड्रॉइडवर ब्ल्यूटूथ व लोकेशन, तर आयफोनवर स्थानिक नेटवर्कची परवानगी ॲपला द्यावी लागते. तात्पुरत्या वाय-फायवर इंटरनेट नसल्यामुळे काही फोन आपण होऊन मोबाइल डेटाकडे वळतात आणि जोडणी अर्ध्यावर तुटते. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा व व्हीपीएन बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय होय. राउटरवरील पाहुण्यांसाठीचे नेटवर्क सहसा उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवते, म्हणून स्पीकर त्यावर जोडू नये.

बँडचा, म्हणजे राउटर ज्या लहरींवर चालतो त्यांच्या पट्ट्याचा, प्रश्न इथून सुरू होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून अधिक दूर जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीटच्या भिंतीत लवकर क्षीण होतात, परंतु त्या बँडमध्ये चॅनेल, म्हणजे बँडचे छोटे भाग, पुष्कळ असतात. सर्वसाधारण सल्ला स्पीकर २.४ वर ठेवण्याचा असतो आणि बंगल्यात तो योग्यही ठरतो. मुंबईच्या दाट वस्तीत मात्र तो तपासून घ्यावा लागतो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ व ११ असे तीनच आहेत, आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरील व शेजारच्या बिऱ्हाडांतील सर्व राउटरांना ते वाटून घ्यावे लागतात. गाण्याला वेग फारसा लागत नाही. चांगल्या प्रतीचे गाणेही सेकंदाला सुमारे ३२० किलोबिटमध्ये येते. स्पीकरला हवे असते ते सातत्य, आणि गर्दीत तेच हरवते.

उदाहरणादाखल लालबागमधील नवव्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर घेऊ. फायबरची तार दारातून येत असल्यामुळे राउटर दारावरच्या माळ्याशी बसविलेला आहे आणि स्पीकर स्वयंपाकघरातील ओट्यावर, एका भिंतीपलीकडे आहे. फोनवरील वाय-फाय मापकाने ओट्याजवळ पाहिले असता २.४ चा जोर उणे ५२ डेसिबल-मिलिवॉट व ५ चा उणे ६६ दिसतो. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर अधिक, म्हणून आकड्यांवरून २.४ सरस वाटते. पण त्याच चॅनेलवर शेजाऱ्यांची डझनभर नेटवर्के असतात, रात्री आठनंतर गाणे तुटते आणि मायक्रोवेव्ह सुरू होताच थांबते, कारण ती भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. उणे ६६ हा जोर स्पीकरला पुरेसा असतो, म्हणून इथे ५ हाच बँड योग्य. त्याच घरात आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, आणखी एका भिंतीपलीकडे, ५ चा जोर उणे ८१ पर्यंत उतरला असेल, तर तिथला स्पीकर २.४ वरच ठेवावा आणि राउटरमध्ये १, ६, ११ पैकी त्यातल्या त्यात मोकळा चॅनेल निवडावा. मापन स्पीकरच्या जागीच करावे. राउटरशेजारी उभे राहून घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

५ गिगाहर्ट्झमध्येही सगळे चॅनेल सारखे नाहीत. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारची चाहूल लागल्यास राउटरला चॅनेल सोडावा लागू शकतो आणि जोडलेली उपकरणे क्षणभर तुटतात. मुंबईत विमानतळ आहे, शिवाय वेरावली येथे हवामान विभागाचे सी-बँड, म्हणजे याच लहरींच्या आसपास चालणारे, रडारही आहे. म्हणून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या चॅनेलांपैकी एक स्थिर ठेवणे श्रेयस्कर.

काही स्वस्त स्पीकर फक्त २.४ ओळखतात. दोन्ही बँडचे नाव एकच असेल आणि असा स्पीकर जोडणीत अडकत असेल, तर राउटरचा ५ गिगाहर्ट्झ बँड दहा मिनिटे बंद करून जोडणी पुरी करावी व मग तो पुन्हा सुरू करावा. फोन व स्पीकर एकाच बँडवर असण्याची गरज नाही. दोघे एकाच राउटरच्या मुख्य नेटवर्कवर असले की पुरते. दोन्ही बँडना वेगळी नावे दिली असतील, तर स्पीकर ज्या नावावर जोडला त्याच बँडवर राहतो; बँड बदलायचा असल्यास ॲपमधील वाय-फायच्या सेटिंगमधून नवे नाव निवडावे लागते. पुढे राउटर बदलताना जुनेच नाव, तोच पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवल्यास स्पीकर आपण होऊन जोडला जातो. नवा राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षाप्रकारावर ठेवलेला असेल, तर जुने स्पीकर पासवर्ड बरोबर असूनही नकार देतात. तेव्हा डब्ल्यूपीए२ व ३ यांचा मिश्र पर्याय निवडावा.