मींड, गमक आणि तुमची नवी सतार
(आमच्या मिरजेच्या कारखान्यातून सतार नेणाऱ्यांसाठी)

नवी सतार घेऊन गेलेले बरेच जण महिन्या-दोन महिन्यांत परत येतात आणि म्हणतात, "पडद्यावर बोट ठेवलं की सूर बरोबर येतो, पण मींड काढली की बेसूर होतो. पडदे चुकलेत का?" कधी खरंच वाद्यात दोष असतो, कधी हातात. दोन्हींतला फरक घरीच ओळखता यावा म्हणून हे पत्रक.

आधी साधा स्वरबदल बघू. पंचमाच्या पडद्यावर बोट दाबून नखी मारली, मग बोट गंधाराच्या पडद्यावर नेऊन पुन्हा नखी मारली. दोन जागा, दोन आघात, दोन खडे स्वर. मधलं काही ऐकू येत नाही. हार्मोनियमची पट्टी दाबल्यावर होतं तेच. मींडीत आघात एकच असतो आणि प पासून ग पर्यंतची सगळी वाट आवाज न तुटता ऐकू येते. स्वरलिपीत या दोन स्वरांवर कमान काढलेली असते, ती याचीच खूण.

सतारीवर ही वाट पडद्यावरून चालत जाऊन नाही, तर तार आडवी ओढून काढतात. (पडद्यांवरून बोट घसटत नेणं म्हणजे घसीट. तिचा आवाज वेगळा.) बाजाच्या तारेशेजारी पडदा इतका रुंद मोकळा सोडलेला असतो तो यासाठीच, आणि पडद्याला कमानीसारखा बाक असतो तोही यासाठीच. तार ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो. म्हणजे ओढून फक्त वर जाता येतं. मग प वरून ग वर उतरायचं कसं? बोट गंधाराच्या पडद्यावर ठेवायचं, आवाज न करता तार पंचमापर्यंत ओढून धरायची, तिथे नखी मारायची आणि तार हळूहळू सोडायची. पंचमाचा पडदा कामातच येत नाही. नवशिक्यांना हेच आधी विचित्र वाटतं: बोट ग वर, ऐकू येतोय प.

यात ताकद किती लागते? कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ग ते प हे अंतर 6/5 आहे, म्हणून ताण 36/25 पट, म्हणजे 44 टक्क्यांनी वाढवावा लागतो. सा च्या पडद्यावरून थेट प ओढायचा तर अंतर 3/2, म्हणजे ताण सव्वादोन पट. बोटाला खोबरेल तेल लावून वाजवतात ते उगाच नाही.

एवढा खटाटोप का, ते शुद्ध कल्याण रागात नीट कळतं. त्याचा आरोह भूपाचाच आहे: सा रे ग प ध सां. अवरोहात मात्र नी आणि तीव्र मध्यम मींडीतून येतात. प पासून ग कडे उतरताना तीव्र मध्यमावर थांबायचं नाही, पण तो कानाला लागला पाहिजे. तुम्ही प आणि ग खडे वाजवलेत तर ऐकणाऱ्याला भूपच वाटणार. उलट तीव्र म चा पडदा दाबून प म ग असं वाजवलंत तर यमनाचा वास येतो. आता भूपातही प ते ग मींड घेतात, आणि तार त्याच वाटेने खाली येते. पण तिथे सोडताना मध्ये रेंगाळत नाहीत. म्हणजे दोन रागांतला फरक तार सोडण्याच्या गतीत उतरलेला आहे. खड्या स्वरांत तो दाखवायला जागाच नाही.

गमक हे मींडीचं धाकटं भावंड समजतात, ते तितकंसं खरं नाही. शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात स्वराच्या कंपाला गमक म्हटलं आहे आणि त्याचे 15 प्रकार दिले आहेत. कर्नाटक संगीतात आजही हा शब्द असाच व्यापक आहे. आपल्याकडे ख्याल आणि सतारीत मात्र गमक म्हणजे जोरकस हेलकावा: स्वर आणि त्याचा शेजारी यांच्यामध्ये तार झटक्याने ओढायची आणि सोडायची, पुन्हा पुन्हा. मींडीत वाट महत्त्वाची, गमकेत धक्का. आणि दरबारीचा गंधार हलतो तो गमक नव्हे. ते संथ आंदोलन, त्यात धक्का नसतो.

गमकेत हमखास होणारी चूक अशी: वेग वाढला की ओढ आखूड होते. रे च्या पडद्यावरून ग पर्यंत जायचं असतं, तार अर्ध्यातूनच परत येते आणि ऐकू येते नुसती थरथर. वाजवताना स्वतःला ते कळत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून अर्ध्या वेगाने ऐका. वरचा स्वर दर वेळी पुरा लागतोय का, ते लगेच समजेल. लागत नसेल तर वेग कमी करा. तिथे आमच्याकडे यायचं कारण नाही.

आता वाद्याची परीक्षा. तरफा रागाच्या स्वरांत मिळवून घ्या. पंचमाच्या पडद्यावर प वाजवा आणि सूर कानात धरा. मग गंधारावरून तार ओढून तोच प काढा. नेमका लागला तर पंचमाची तरफ आपोआप बोलते, थोडा कमी-जास्त असेल तर गप्प बसते. यापेक्षा प्रामाणिक परीक्षक नाही. मग तार सोडून पुन्हा ग ऐका. तो उतरला असेल तर तार नवी असल्याने अजून ताणली जात असेल किंवा खुंटी सरकत असेल. नव्या तारेला दोन-चार दिवस द्या. खुंटीला खडू लावून बघा.

ओढताना मध्येच 'टक्' असा खटका येत असेल तर पडद्याकडे निरखून पाहा. तार रोज एकाच जागी घासल्याने तिथे खाच पडते. ओढलेली तार खाचेतून उडी मारून बाहेर येते आणि मींड तिथेच तुटते. सरावाने हे जात नाही. पडदा घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि ते काम घरी कानशीने करू नका. बाक बिघडला की पडदाच बदलावा लागतो.

शेवटची परीक्षा बहुतेक लोक करत नाहीत. चिकारी छेडा आणि ती वाजत असतानाच बाजाची तार पाच स्वर ओढा. चिकारी किंचित उतरेल, ते चालतं. पण स्पष्ट बेसूर झाली तर दांडी किंवा दांडी-भोपळ्याचा सांधा ताणाखाली वाकतो आहे. विलायत खाँसाहेबांनी गायकी अंगाच्या लांब मींडींसाठी सतारीचा सांगाडा मजबूत करून घेतला तो याच कारणाने. अशी सतार असेल तर तारा सैल करून, घोडीखाली मऊ कापड ठेवून, थेट कारखान्यात आणा. सांधा दुरुस्त होतो, पण सरस वाळेपर्यंत वाद्य आमच्याकडे ठेवावं लागतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आणू नका.