पॅरिटी बिट आणि चेकसम

पाठवलेला डेटा वाटेत बदलला आहे का, हे घेणाऱ्याला मूळ प्रत हाताशी नसतानाही ओळखता यावे, म्हणून डेटासोबत जोडल्या जाणाऱ्या जादा अंकांना तपासणी अंक म्हणता येईल. पॅरिटी बिट हा त्यांतला सर्वांत लहान प्रकार. चेकसम म्हणजे संपूर्ण मजकुराच्या बेरजेवरून काढलेली तपासणी संख्या. दोन्हींमागची कल्पना एकच आहे. पाठवणारा ठरलेल्या नियमाने मजकुरावरून एक छोटी संख्या काढतो आणि ती सोबत पाठवतो. घेणारा तोच हिशोब पुन्हा करतो. दोन उत्तरे जुळली नाहीत तर काहीतरी नक्की बदलले आहे. ती जुळली, तर मात्र ‘बदल सापडला नाही’ एवढाच निष्कर्ष निघतो.

पॅरिटी बिट : सात बिटांच्या आस्की संकेतात C हे अक्षर 1000011 असे लिहितात. त्यात तीन एक आहेत. सम पॅरिटी ठरली असेल तर एकांची एकूण संख्या सम व्हावी म्हणून आठवा बिट 1 जोडतात. विषम पॅरिटी असेल तर तो 0 राहतो. वाटेत कोणताही एक बिट उलटला की घेणाऱ्याकडे एकांची संख्या चुकीच्या बाजूला जाते आणि चूक उघड होते. जोडलेला आठवा बिट स्वतःच उलटला तरी हेच घडते. दोन बिट उलटले तर समतोल परत साधला जातो आणि पॅरिटीला काहीच दिसत नाही. चुका एकेकट्या येत असतील तर हे चालते, पण तारेवरच्या चुका बहुधा झुंडीने येतात. सेकंदाला ९६०० बिट वाहणाऱ्या मार्गावर दहा मिलिसेकंदांचा खरखराट झाला तर सलग ९६ बिट त्याच्या तडाख्यात सापडतात. अशा वेळी कोणत्याही एका अक्षरात सम संख्येने चुका होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते.

उगम : पॅरिटीचे श्रेय अनेकदा बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांना दिले जाते. ते तितकेसे नेमके नाही. हॅमिंग यांनी १९५०च्या आपल्या निबंधात एकांची संख्या सम करणारा जादा अंक मांडला हे खरे. पण तेथे तो चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांकडे जाण्याची पहिली पायरी म्हणून येतो, आणि निबंधाचे खरे नावीन्य त्या दुरुस्तीतच आहे. केवळ चूक ओळखण्याची सोय त्याआधीच्या, विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांवर चालणाऱ्या रिले-यंत्रांत होती, फक्त ती वेगळ्या रूपात. त्या यंत्रांत एक दशमान अंक पाच जागांपैकी नेमक्या दोन जागा चालू ठेवून दर्शवीत. अशा जोड्या बरोबर दहा होतात, त्यामुळे ० ते ९ हे सर्व अंक त्यांत बसतात. तीन किंवा एकच जागा चालू दिसली की बिघाड झाला हे कळे. रेडिओ-टेलिग्राफीतही सात जागांपैकी तीन चालू ठेवणारा संकेत वापरात आला. त्याचे ३५ संयोग अक्षरांना पुरतात. डच अभियंता व्हान ड्युरेन यांच्या यंत्रणेत चुकीचे अक्षर आल्यास ते आपोआप पुन्हा मागवले जाई. या यंत्रणेचा काळ साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा धरावा लागतो.

या संकेतांना पॅरिटीचे पूर्वज मानावे की समांतर शाखा, याबद्दल दोन बाजूंनी बोलता येते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण दोहोंची बलस्थाने वेगळी आहेत. संकेत क्षीण होऊन दोन चालू जागा एकदम विझल्या तर ठरावीक संख्येचा संकेत ते पकडतो, पॅरिटी पकडत नाही. उलट पॅरिटीला कोणत्याही लांबीच्या गटासाठी एकच जादा बिट पुरतो, आणि बिटसंख्या मोजून पैसे पडणाऱ्या यंत्रांत तेच निर्णायक ठरले असावे. १९५२च्या आयबीएम ७२६ या चुंबकीय फीत-यंत्रात सात पट्टे होते, सहा डेटाचे आणि सातवा पॅरिटीचा. फितीवर विषम पॅरिटीचा एक खास फायदा असे : सर्व बिट शून्य असलेल्या अक्षरातही निदान एक खूण उमटे, त्यामुळे कोरी फीत आणि शून्य यांची गल्लत होत नसे.

चेकसम : मजकूर मोठा असेल तर त्याचे सारख्या लांबीचे तुकडे करून, त्यांना संख्या मानून बेरीज करता येते. टीसीपी आणि आयपी या इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमसंचांत वापरली जाणारी बेरीज १६-१६ बिटांच्या शब्दांची असते. तिचे गुणधर्म आणि गणनेच्या युक्त्या १९८८च्या RFC 1071 या दस्तऐवजात सविस्तर मांडल्या आहेत. बेरीज १६ बिटांबाहेर गेली तर हातचा टाकून न देता खालच्या टोकाला मिळवतात. शेवटी आलेल्या उत्तराचे सर्व बिट उलटवले की चेकसम तयार होतो. षोडशमान पद्धतीने लिहिलेले तीन शब्द घेऊन हे असे दिसते :

```
4441 + 5441 = 9882
9882 + 9A10 = 13292
3292 + 1    = 3293
FFFF - 3293 = CD6C
```

CD6C हा चेकसम. घेणारा तीनही शब्द आणि चेकसम अशी चौघांची बेरीज करतो. सारे शाबूत असेल तर उत्तर FFFF येते. समजा वाटेत एक बिट उलटून 4441 चे 4451 झाले. आता हातचा मिळवून बेरीज 0010 येते, आणि घेणारा ते पॅकेट, म्हणजे एकत्र पाठवलेला डेटाचा तो गट, निमूटपणे टाकून देतो. टीसीपीत त्याची पोच जात नाही, म्हणून ठरावीक वेळ वाट पाहून पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा धाडतो. वापरणाऱ्याला यातले काही जाणवत नाही, फार तर वेग मंदावल्यासारखा वाटतो.

निसटणारे बदल : वरच्याच उदाहरणात पहिले दोन शब्द जागा बदलून 5441, 4441 असे आले, तर बेरीज तीच राहते आणि पॅकेट बरोबर ठरते. दुसरी वाट भरपाईची आहे. 4441 चे 4401 झाले आणि त्याच वेळी 9A10 चे 9A50 झाले, तर एकीकडे कमी झालेले 40 दुसरीकडे वाढले आणि बेरीज पुन्हा अढळ राहिली. तिसरी वाट कमी परिचित आहे : हातचा खाली मिळवण्याच्या या पद्धतीत 0000 आणि FFFF या दोन्हींची किंमत शून्यच धरली जाते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा आला तरी तो बदल कळत नाही.

क्रमातील बदल पकडण्यासाठी जॉन फ्लेचर यांनी सुचवलेली दुहेरी बेरीज उपयोगी पडते. ती १९८२मध्ये प्रसिद्ध झाली. पहिली बेरीज नेहमीची, आणि दुसरी त्या बेरजेच्या प्रत्येक टप्प्याची. ५, ९, २ या संख्यांसाठी टप्पे ५, १४, १६ असे येतात आणि त्यांची बेरीज ३५ होते. ९, ५, २ असा क्रम झाला तर टप्पे ९, १४, १६ आणि बेरीज ३९. पहिली बेरीज दोन्हीकडे १६च आहे, पण दुसरी अदलाबदल उघड करते.

ईथरनेटसारख्या जोडणीवर बेरजेऐवजी भागाकाराची बाकी वापरतात. तिला सीआरसी म्हणतात. ३२ बिटांची ही बाकी ३२ बिटांपर्यंतचा कोणताही सलग बिघाड हमखास पकडते. त्याहून लांबलेल्या यादृच्छिक बिघाडांपैकी सुमारे ४२९ कोटींत एखादाच निसटतो. तारेवरच्या झुंडीच्या चुकांवर यापेक्षा चोख उपाय क्वचितच सापडेल.

तपासणीची हद्द : असे असूनही बदललेला डेटा पोचतो, आणि त्याचे कारण गणितात नसून तपासणी कोठून कोठपर्यंत लागू आहे यात असते. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४च्या निबंधात याचे एक बोलके उदाहरण नोंदवले आहे. अनेक स्थानिक जाळी गेटवे-संगणकांनी जोडलेली होती आणि एका गेटवेपासून पुढच्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर पॅकेटचा चेकसम तपासला जाई. त्यामुळे त्या जाळ्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारे निर्धास्त होते. त्यांतल्या एका गेटवेत मात्र अधूनमधून डोके वर काढणारा दोष शिरला. आलेला डेटा आवक बफरमधून जावक बफरमध्ये उतरवताना सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा बाइटांच्या जोडीची अदलाबदल होई. आवक तपासणी तोवर उरकलेली असे, आणि जावक चेकसम आधीच बिघडलेल्या मजकुरावरून नव्याने काढला जाई. पुढच्या टप्प्याला म्हणूनच सारे बरोबर दिसे. एका कार्यप्रणालीच्या मूळ फाइली वारंवार त्या गेटवेतून जात राहिल्या आणि त्यांतल्या काही बिघडल्या. शेवटी जुन्या छापील प्रतींशी हाताने ताडून त्या दुरुस्त कराव्या लागल्या.

या उदाहरणात प्रत्येक टप्प्यावर चेकसमऐवजी सीआरसी असता तरीही निकाल तोच लागला असता, हे लक्षात घ्यावे. बिघाड दोन तपासण्यांच्या मधल्या स्मृतीत झाला होता.

जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली. त्यांनी इंटरनेटवरील पॅकेटांच्या दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या. टीसीपीचा चेकसम न जुळणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण त्यांना ११०० पॅकेटांमागे एक ते ३२,००० पॅकेटांमागे एक असे आढळले. यांत ज्या जोडण्यांवर सीआरसी होती त्याही होत्या. म्हणजे बिघाड तारेवर नव्हे, तर बहुधा संगणकांच्या आणि राउटरांच्या आत, स्मृतीत किंवा सदोष प्रोग्रॅममध्ये होत होता, आणि तो दोन टोकांमध्ये तपासला जाणारा साधा चेकसमच पकडत होता. त्याच्याही हातून निसटणाऱ्या पॅकेटांचा अंदाज त्यांनी १ कोटी ६० लाखांत एक ते १००० कोटींत एक असा फारच रुंद पट्ट्यात दिला आहे. यातून सीआरसी निरुपयोगी ठरत नाही. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या हद्दींच्या आहेत आणि एकीमुळे दुसरी वगळता येत नाही, असा अर्थ घेणे सयुक्तिक वाटते.

मोठ्या फाइलींसाठी म्हणून संपूर्ण फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची संख्या, मूळ ठिकाणी काढून प्रसिद्ध करतात आणि उतरवून घेणारा तो आपल्या डिस्कवरील प्रतीवर पुन्हा काढतो :

```
sha256sum -c SHA256SUMS
```

प्रत बदललेली असेल तर फाइलीच्या नावापुढे FAILED उमटते. चेकसम आणि सीआरसी हे अपघाती बदलांसाठीच आहेत. जाणूनबुजून मजकूर बदलणारा त्यांचे मूल्य नव्याने काढून जोडू शकतो. वरच्या आज्ञेत वापरलेल्या SHA-256 या हॅश-पद्धतीत तोच हॅश देणारा दुसरा मजकूर शोधणे व्यवहारात अशक्य मानले जाते. मात्र फाइल आणि हॅश एकाच सर्व्हरवर असतील आणि तो सर्व्हरच दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल, तर दोन्ही एकदम बदलता येतात. त्यामुळे हॅशच्या यादीवर डिजिटल सही केली जाते, आणि ती सही पडताळण्याची किल्ली वेगळ्या मार्गाने मिळवावी लागते.