रेझ्युमेचं प्रूफ ओके करण्याआधी एवढं वाचा

आपल्याकडे रेझ्युमे करायला येणारे बरेच जण सातपूर-अंबडच्या कंपन्यांत अर्ज टाकणारे असतात, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. आम्ही लिहितो "केपेबल ऑफ हँडलिंग सीएनसी मशीन्स". प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि तासाभरात मेसेज येतो, "ऑफ चुकलंय, टू हँडल करा". मग आम्ही फोन करून समजावतो, तेवढ्यात प्रिंट थांबते आणि तुमचा इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी सकाळी असतो.

हे होतं कारण आपल्या डोक्यात "मशीन हाताळण्यास सक्षम" असतं, आणि "हाताळण्यास" म्हटलं की टू हँडल तोंडात येतंच. त्यात "एबल टू हँडल" हे बरोबर आहे, म्हणजे अर्थ जवळपास तोच आणि शेपूट मात्र वेगळं. एबलला टू लागतो आणि पुढे साधं क्रियापद, केपेबलला ऑफ लागतो आणि पुढे आयएनजीवालं रूप. दोन्हींची सरमिसळ करून "केपेबल टू हँडल" किंवा "केपेबल ऑफ हँडल" केलं की वाक्य बिघडलं. ऑफ, इन, फॉर, ऑन यांच्यानंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं, म्हणून "इंटरेस्टेड इन वर्किंग", "रिस्पॉन्सिबल फॉर मेंटेनिंग". शंका आली तर क्रियापद काढून तिथे "इट" ठेवून बघा, "केपेबल ऑफ इट" नीट बसतं, "केपेबल टू इट" नाही बसत. "इंटरेस्टेड टू नो" असं मात्र बरोबर इंग्रजीत ऐकाल, ते नो, हिअर, सी अशा मोजक्या शब्दांपुरतं चालतं, नोकरीच्या अर्जात इन वर्किंगच ठेवा.

रिस्पॉन्सिबलला दोन्ही लागतात पण अर्थ बदलतो: कामासाठी फॉर, आणि ज्याला जाब द्यायचा त्या साहेबासाठी टू. "रिस्पॉन्सिबल फॉर द प्लांट मॅनेजर" लिहिलं तर साहेबच तुमच्या ताब्यात आहेत असं होतं!

डिपेंडंटला ऑन, इंडिपेंडंटला मात्र ऑफ. मेडिक्लेमच्या फॉर्मवर "डिपेंडंट ऑफ" दिसतं ते बघून लोक आमच्याशी वाद घालतात, पण तिथे डिपेंडंट म्हणजे अवलंबून असलेली व्यक्ती, ते नाम आहे, म्हणून ऑफ चालतो.

आम्ही हट्टाने सांगतो ते याचसाठी, कागदावर नाव तुमचं जातं. बदल जरूर सुचवा, फक्त फाइलमध्ये स्वतः खोडाखोड न करता त्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवा. प्रिंटच्या आधी एकदा दुरुस्ती करून देतो त्याचे वेगळे पैसे घेत नाही, आणि जुना रेझ्युमे दुसरीकडे केलेला असला तरी घेऊन या, बसून बघून देऊ.