n विषम असला की भाग जात नाही?

"n सम असेल तरच xⁿ − aⁿ ला x − a ने भाग जातो ना?"

नाही हो, n कुठलाही चालतो. नौपाड्यातल्या क्लासपासून वाशीपर्यंत पोरं हेच घोकतात, कारण सम-विषमची अट आहे x + a ची आणि ती चिकटवली जाते x − a ला.

8³ − 5³ घ्या, म्हणजे 512 − 125 = 387. n विषम आहे, तरी 3 ने भाग जातोच, 3 × 129. आता 13 ने बघा, 13 × 29 = 377, बाकी 10 उरली, म्हणजे अडला तो 8 + 5. घात 2 केला की 64 − 25 = 39, तिथे 13 पण चालतो.

असं का, तर मधे x·aⁿ⁻¹ एकदा वजा करा आणि लगेच मिळवा, किंमत तीच राहते:

xⁿ − aⁿ = x(xⁿ⁻¹ − aⁿ⁻¹) + aⁿ⁻¹(x − a)

दुसऱ्या तुकड्यात x − a उघडच दिसतोय, आणि पहिल्या कंसात तोच प्रकार एक घात कमी करून आलाय, त्याला भाग जात असेल तर अख्ख्याला जाणारच. n = 1 ला तर x − a स्वतःच आहे, तिथून जिना चढत जायचं, सम-विषम कुठे मधे येतच नाही. आपल्याच आकड्यांत 8 × 39 + 25 × 3 = 312 + 75 = 387.

म्हणून 17²⁰²³ − 10²⁰²³ ला 7 ने भाग जातो, कॅल्क्युलेटर काढूच नका. फक्त x आणि a पूर्णांक हवेत, आणि वेगवेगळे, नाहीतर शून्याने भागत बसाल.