वृत्तचिती-शंकू तंबूचे कापड

खाली गोल उभी भिंत आणि वर निमुळते छत, अशा तंबूला किती कॅनव्हास लागेल याचा हिशेब. भूमितीच्या भाषेत भिंत म्हणजे वृत्तचिती आणि छत म्हणजे शंकू. तंबू शिवणारे भिंतीला कनात म्हणतात. दहावीच्या ‘महत्त्वमापन’ प्रकरणामुळे मुंबईतल्या मराठी शाळांना हे गणित परिचयाचे आहे. पण वहीतले उत्तर आणि दुकानातून प्रत्यक्ष आणावे लागणारे कापड यांत बरेच अंतर असते, आणि ते अंतर समजून घेणे हाच या हिशेबाचा खरा भाग आहे.

उदाहरणादाखल शाळेच्या मैदानावरील शिबिराचा एक तंबू घेऊ. त्रिज्या २.८ मीटर, कनातीची उंची १.८ मीटर आणि छताची लंब उंची २.१ मीटर. कनातीचे वक्रपृष्ठफळ 2πrh, म्हणजे ३१.६८ चौरस मीटर. छतासाठी आधी तिरकस उंची काढावी लागते. २.८ आणि २.१ यांच्या वर्गांची बेरीज १२.२५, तिचे वर्गमूळ ३.५ मीटर. मग πrl नुसार छत ३०.८ चौरस मीटर. जमिनीचे वर्तुळ आणि भिंत-छताच्या सांध्यातले वर्तुळ मोजायचे नाही, कारण तिथे कापडच नसते. एकूण ६२.४८ चौरस मीटर. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तिरकस उंचीच्या जागी लंब उंची घालणे. या तंबूत तेवढ्याने १२ चौरस मीटरहून जास्त कापड कमी पडेल. तिरकस उंची त्रिज्येपेक्षाही मोठी आणि लंब उंचीपेक्षाही मोठी आली पाहिजे. तशी नसेल तर आकडेमोड पुन्हा तपासावी.

कापडाचा पन्हा दीड मीटर असेल तर भागाकाराने ४१.६५ मीटर लांबी येते. शालेय उदाहरणात यावर शिलाईसाठी थोडी वाढ धरतात आणि गणित संपते. कात्री हातात घेतली की मात्र चित्र बदलते.

प्रत्येक उभ्या शिवणीत दोन्ही पट्ट्यांची अडीच-अडीच सेंटिमीटर कड जाते असे धरू. मग पट्टीची कामाची रुंदी १.४५ मीटर उरते. तंबूचा परीघ १७.६ मीटर. शिवण विसरून मोजले तर १२ पट्ट्या पुरेशा वाटतात, पण शिवल्यावर त्यांची रुंदी १७.४ मीटरच भरते. वीस सेंटिमीटरची फट राहते, आणि दाराचा पदर एकावर एक यायला हवा तोही राहतो. म्हणून तेरावी पट्टी घ्यावी लागते. वरच्या सांध्याला ५ आणि खालच्या दुमडीला १० सेंटिमीटर धरून प्रत्येक पट्टी १.९५ मीटरची, म्हणजे कनातीला २५.३५ मीटर कापड लागते. तंबूची मापे अजून ठरायची असतील, तर त्रिज्या आठ सेंटिमीटर कमी करून १२ पट्ट्यांत दारासकट काम उरकणे जास्त शहाणपणाचे आहे.

छत परकरासारखे कळ्या जोडून करतात. १३ रुंद कळ्या केल्या तर प्रत्येकीचा तळ सुमारे १.४ मीटर होतो आणि पन्ह्यात एका वेळी एकच बसते. वर-खाली ५ सेंटिमीटर धरून लांबी ३.६ मीटर, म्हणजे एकूण ४६.८ मीटर कापड. त्याऐवजी २७ अरुंद कळ्या घेतल्या तर शिवण धरून तळ जेमतेम ७१ सेंटिमीटर होतो. दोन सुलट आणि मध्ये एक उलट अशा तीन कळ्या एका पन्ह्यात मावतात. मग ३.६ मीटरचे नऊच तुकडे, म्हणजे ३२.४ मीटर पुरतात. कनातीसह एकूण ५७.७५ मीटर. टोकाला सगळ्या शिवणी एकत्र येऊन गाठ जाड होते, तिच्यावर बसवायची टोपी निघालेल्या तुकड्यांतून शिवता येते.

हा आकडा वहीतल्या ४१.६५ मीटरपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त आहे. जास्तीच्या सुमारे २४ चौरस मीटरांपैकी उभ्या शिवणींत जातात फक्त सहाच्या आसपास. बाकी जाते ते दुमडींत, दाराच्या पदरात आणि मुख्यतः कळ्यांच्या बाजूंना निघणाऱ्या तिरप्या तुकड्यांत. म्हणून क्षेत्रफळावर सरसकट दहा टक्के वाढवण्याची सवय या आकाराच्या तंबूत फसते. कळ्या कागदावर मांडून पाहिल्याखेरीज कापड आणू नये.

अरुंद कळ्यांची किंमत शिलाईत मोजावी लागते. छताची शिवण ४५ मीटरऐवजी ९४ मीटर होते, आणि सुईचे प्रत्येक भोक पावसाला वाट देऊ शकते. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये तंबू उभा राहणार असेल तर कापड जास्त गेले तरी १३ कळ्याच बऱ्या. सुती दोरा भिजून फुगतो आणि भोक बरेचसे बुजवतो. कृत्रिम धाग्याचा दोरा तसा फुगत नाही, म्हणून त्या शिवणीवर मेण घासावे लागते.

सुती कॅनव्हास पहिल्यांदा भिजल्यावर आकसतो. किती, हे ताग्याताग्यावर अवलंबून असते. एक मीटर लांब-रुंद तुकडा भिजवून, वाळवून पुन्हा मोजावा. तो तीन सेंटिमीटरने आखडला तर १.८ मीटरची कनात पहिल्या सरीनंतर जमिनीपासून पाचेक सेंटिमीटर वर उचललेली दिसेल. त्यामुळे तेवढी लांबी प्रत्येक पट्टीत कापतानाच वाढवावी.