सदस्यसंख्येतील आकस्मिक घट (यूट्यूब)

यूट्यूबवरील एखाद्या चॅनेलची सदस्यसंख्या प्रेक्षकांनी सोडून न जाताही एकाएकी खाली येणे. बहुतेक वेळा यामागे यूट्यूबने केलेली स्पॅम खात्यांची छाटणी किंवा बंद झालेल्या खात्यांची वजावट असते. घट एका दिवसात किंवा एका रात्रीत होते आणि चॅनेलच्या नेहमीच्या चढउताराच्या मानाने फार मोठी दिसते. लहान चॅनेलला काही डझनांचा फटका बसतो, तर मोठ्यांना लाखांचाही बसू शकतो.

प्रारंभ : छाटणीची ही प्रथा नेमकी केव्हापासूनची, याबद्दल मतभेद आहेत. बऱ्याच लेखांत डिसेंबर २०१२ हा आरंभबिंदू मानला जातो. त्या महिन्यात युनिव्हर्सल, सोनी यांसारख्या मोठ्या संगीत कंपन्यांच्या चॅनेलांवरून मिळून सुमारे २ अब्ज व्ह्यूज नाहीसे झाल्याच्या बातम्या आल्या. कंपन्यांनी व्ह्यूज विकत घेतले होते आणि यूट्यूबने ते पकडले, असा अर्थ लगेच लावला गेला. गूगलने हा प्रकार व्ह्यूज मोजण्याच्या धोरणाच्या अंमलबजावणीचा भाग असल्याचे सांगितल्याने त्या समजाला बळ मिळाले. संगीत व्यवसायाच्या नियतकालिकांनी मात्र वेगळा खुलासा दिला. या कंपन्यांचे बहुतेक व्हिडिओ आधीच वेव्हो या सामायिक मंचाच्या चॅनेलांवर हलवले गेले होते, आणि मूळ चॅनेलवर जे व्हिडिओ उरलेच नव्हते त्यांचे जुने व्ह्यूज एकूण बेरजेतून काढले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. सोनीच्या चॅनेलवर बेरीज जवळजवळ तळाला गेली होती. केवळ बनावट व्ह्यूज वगळून एवढी पोकळी पडणे कठीण असल्याने दुसरा खुलासा अधिक सयुक्तिक वाटतो. शिवाय त्या घटनेत कमी झाले ते व्ह्यूज होते, सदस्य नव्हते. त्यामुळे सदस्यसंख्येच्या छाटणीचा इतिहास तेथून सुरू करणे फारसे योग्य ठरत नाही.

सदस्य किंवा अनुयायी यांच्या संख्येतील, सर्वांच्या नजरेत भरलेली पहिली मोठी छाटणी यूट्यूबवर झाली नाही. ती झाली इन्स्टाग्रामवर, डिसेंबर २०१४ मध्ये. खुद्द इन्स्टाग्रामच्या अधिकृत खात्याचे १ कोटी ८० लाखांहून अधिक अनुयायी तेव्हा कमी झाले आणि गायक जस्टिन बीबरचे सुमारे ३५ लाख. हा प्रसंग येथे नोंदवण्याचे कारण त्यामागची यंत्रणा. स्पॅम खाती इन्स्टाग्रामने आधीच निष्क्रिय केली होती, पण ती इतरांच्या अनुयायीसंख्येत मात्र मोजली जात होती. त्या दिवशी बदलली ती मोजणी.

जुलै २०१८ मध्ये ट्विटरने कुलूपबंद केलेली खाती अनुयायीसंख्येतून वगळली, तेव्हाही असेच झाले. ती खाती यंत्रचालितच होती असे नाही. वर्तनात अचानक बदल आढळल्याने मालकाची खातरजमा होईपर्यंत ती अडवून ठेवलेली होती. बहुतेक लोकांचे चार किंवा त्याहूनही कमी अनुयायी घटतील, असे ट्विटरने आधीच सांगितले होते. गाजलेल्या खात्यांचे मात्र लाखांनी घटले.

डिसेंबर २०१८ ची छाटणी : यूट्यूबच्या संदर्भात सर्वाधिक उल्लेख होतो तो १३ व १४ डिसेंबर २०१८ या दोन दिवसांचा. सदस्यसंख्येत लक्षात येण्याजोगी घट दिसेल, अशी पूर्वसूचना यूट्यूबने चॅनेलचालकांना दिली होती. कारण असे दिले होते की स्पॅम ओळखून काढण्याचे काम नेहमीच चालू असते, परंतु एका तांत्रिक अडचणीमुळे काही स्पॅम सदस्य वेळच्या वेळी निघाले नव्हते. ती बाकी आता एकदम काढली जात आहे. सदस्यसंख्येत पहिला क्रमांक कोणाचा, यावरून ‘प्युडायपाय’ आणि ‘टी-सीरीज’ या चॅनेलांची चुरस तेव्हा ऐन भरात होती. दोन्हीकडे आकडे घसरल्यावर समर्थकांनी एकमेकांवर सदस्य विकत घेतल्याचे आरोप केले.

आरोपांचा हा सूर प्रत्येक छाटणीनंतर ऐकू येतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. स्पॅम खाती चालवणारे ती खरी भासावीत म्हणून मोठ्या, लोकप्रिय चॅनेलांना आपणहून सबस्क्राइब करतात. पैसे दिलेल्या गिऱ्हाइकापुरतेच राहिले तर ती चटकन ओळखू येतील. म्हणून ज्या चॅनेलने कधी एक रुपयाही दिलेला नाही त्याच्याही यादीत अशी खाती साचतात, आणि चॅनेल जितके प्रसिद्ध तितकी ती जास्त. घट झाली एवढ्यावरून चॅनेलचालकाचा दोष सिद्ध होत नाही. एकूण सदस्यांपैकी फार मोठा हिस्सा गेला असेल आणि उरलेल्यांत प्रेक्षकच नसतील, तर मात्र संशयाला जागा राहते.

यंत्रणा : छाटणीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे बंद खाती. यात मालकाने स्वतः काढून टाकलेली खाती येतात, तशीच नियमभंगामुळे यूट्यूबने बंद केलेलीही येतात. दुसरी म्हणजे स्पॅम सदस्यत्वे : विकत दिलेली, यंत्रामार्फत केलेली किंवा अन्य बनावट मार्गाने वाढवलेली. ‘तू मला कर, मी तुला करतो’ या sub4sub नावाने चालणाऱ्या देवाणघेवाणीलाही यूट्यूबचे नियम मनाई करतात.

दोन्ही प्रकारांत एक बाब समान आहे. खाते निकामी होण्याचा दिवस आणि ते संख्येतून वजा होण्याचा दिवस एकच असेलच असे नाही. दुकानदाराने बुडीत उधारी वर्षाअखेरीस एकदम वहीतून खोडावी तसे हे आहे : नुकसान केव्हाच झालेले असते, आकड्यात ते आज दिसते. ‘काल असे काय घडले?’ हा चॅनेलचालकांचा नेहमीचा प्रश्न म्हणूनच दिशाभूल करतो.

बाहेरून पाहणाऱ्याला घट असते त्याहून मोठी किंवा लहान दिसू शकते. साधारण सप्टेंबर २०१९ पासून १,००० पेक्षा जास्त सदस्य असलेल्या चॅनेलची सार्वजनिक संख्या फक्त पहिल्या तीन अंकांपुरती, पुढचे अंक सोडून खालच्या बाजूला पूर्णांकित करून दाखवली जाते. १ लाख ते १० लाख या टप्प्यात म्हणजे पूर्ण हजारांत. चॅनेलचे १,०४,०२० सदस्य असतील तर लोकांना १.०४ लाख दिसतात. त्यातले केवळ ३० गेले की आकडा १,०३,९९० होतो आणि पाटी १.०३ लाखांवर येते. पाहणाऱ्याला वाटते, हजार गेले. याउलट १,०४,९५० मधून ९०० गेले तरी पाटी हलत नाही. आकड्यांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळांनाही यूट्यूबकडून हाच पूर्णांकित आकडा मिळतो, त्यामुळे त्यांच्या आलेखांतील पायऱ्या शब्दशः घेऊ नयेत. नेमकी संख्या फक्त चॅनेलचालकाला, यूट्यूब स्टुडिओत दिसते.

निदान : स्टुडिओतील अॅनालिटिक्सच्या विस्तृत दृश्यात सदस्यत्व कोठून आले किंवा गेले हे दाखवणारा Subscription source हा अहवाल असतो. त्यात Closed accounts अशी स्वतंत्र ओळ येते. निदानाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ती हीच, आणि आश्चर्य म्हणजे अनेक चालक तिथवर जातच नाहीत. येथील आकडे पडताळणीसाठी सुमारे दोन दिवस मागे असतात, म्हणून त्याच संध्याकाळी निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

एक कल्पित पण नमुनेदार उदाहरण घेऊ. पाककृतींच्या एका चॅनेलचे १,०४,६४० सदस्य आहेत. रोज साधारण ९० नवे येतात, २५ जातात. एका मंगळवारी ८८ नवे आले आणि २,२६० गेले. संख्या १,०२,४६८ वर आली, पाटी १.०४ वरून १.०२ लाखांवर. अहवाल उघडल्यावर गेलेल्यांपैकी २,२३१ Closed accounts या ओळीत आढळले. उरलेले २९ म्हणजे नेहमीचीच गळती. त्या आठवड्यातील व्ह्यूज आणि पाहण्याचा एकूण वेळ आधीच्या आठवड्याइतकाच आहे, बुधवारी गळती पुन्हा पंचविसाच्या घरात. गेलेली खाती काही पाहतच नव्हती, असा याचा सरळ अर्थ.

प्रेक्षक खरोखर नाराज होऊन गेले असते तर चित्र निराळे असते. गेलेल्या सदस्यांची नोंद एखाद्या विशिष्ट व्हिडिओसमोर साचली असती, गळती एका दिवसात न थांबता काही दिवस ओसरत राहिली असती, आणि पुढच्या व्हिडिओंच्या व्ह्यूजवरही तिचा परिणाम दिसला असता. मोठी घट दिसूनही Closed accounts मध्ये ती पूर्ण सापडत नसेल, तर खाते जिवंत ठेवून फक्त सदस्यत्व स्पॅम म्हणून काढले गेले असण्याची शक्यता विचारात घ्यावी. अशा वेळी अहवालाची बेरीज आणि दर्शनी संख्या तंतोतंत जुळवण्याचा खटाटोप बहुधा व्यर्थ जातो.

उत्पन्नावरील परिणाम : पाहण्याचा वेळ कमी होत नसल्याने जाहिरातीच्या उत्पन्नावर सहसा परिणाम होत नाही. अडचण येते ती उंबरठ्यावरच्या चॅनेलांना. २०१८ च्या आरंभी, चॅनेलांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देणाऱ्या यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहण्याचा वेळ अशी अट आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील सूचनेत, छाटणीमुळे जे १,००० च्या खाली जातील ते कार्यक्रमातून वगळले जातील आणि खरे सदस्य पुन्हा जमवल्यावर त्यांना अर्ज करता येईल, असे म्हटले होते. अलीकडची सर्वसाधारण भूमिका याहून सौम्य आहे : एकदा आत आलेले चॅनेल संख्या घसरली म्हणून आपोआप बाहेर पडत नाही; सहा महिने किंवा अधिक काळ काहीच न टाकणाऱ्यांवर मात्र कारवाई होऊ शकते. अर्ज करण्याच्या बेतात असलेल्याला ही सवलत नाही. १,०४६ वरून ९७२ वर आलेल्याला जाहिरातींतील वाट्यासाठी पुन्हा हजार गाठावेच लागतात. जून २०२३ पासून ५०० सदस्यांची खालची पायरी उपलब्ध आहे, पण तिच्यात प्रेक्षकांकडून थेट पैसे मिळवण्याच्या सोयी आहेत, जाहिरातींचा वाटा नाही.

निष्क्रिय खाती : जो सदस्य व्हिडिओ पाहत नाही त्याचे सदस्यत्व यूट्यूब आपणहून काढते, असा समज जुना आहे. डिसेंबर २०१६ मध्ये प्युडायपायने प्रेक्षकांची सदस्यत्वे आपोआप रद्द होत असल्याची जाहीर तक्रार केली तेव्हा त्याला मोठा पाठिंबा मिळाला. यूट्यूबने ती फेटाळली. केवळ न पाहणे हे सदस्यत्व जाण्याचे कारण मानायला आधार दिसत नाही. मात्र खातेच गेले तर सदस्यत्व जाते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि अंमल १ डिसेंबर २०२३ पासून पुढे टप्प्याटप्प्याने होईल असे सांगितले. खात्यात प्रवेश करून यूट्यूबवर एखादा व्हिडिओ पाहिला तरी ते वापरात धरले जाते, आणि ज्या खात्यांवर व्हिडिओ टाकलेले आहेत ती तूर्त हटवली जाणार नाहीत, असेही तेव्हा स्पष्ट केले होते. या मार्गाने वजा होणारे सदस्य म्हणजे ज्यांनी स्वतः कधी काही टाकले नाही आणि किमान दोन वर्षे त्या खात्यातून काही पाहिलेही नाही, असे निव्वळ प्रेक्षक होत.